वरातीमागून पॉवर

काही दिवसांपूर्वी एक तरुण संशोधक आपल्या शोधनिबंधावर आलेले दोन परीक्षकांचे अभिप्राय घेऊन माझ्याकडे आली. अभ्यास लहान होता. दोन गटांत फरक दिसला होता, पण तो सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता; परिणाम नसतानाही एवढा किंवा त्याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, म्हणजे पी-व्हॅल्यू, ०.०५ या रूढ मर्यादेच्या बरीच वर होती. पहिल्या परीक्षकाने लिहिले होते, "फरक लक्षणीय नाही, तेव्हा परिणाम होत नाही असे स्पष्ट म्हणा." दुसऱ्याने लिहिले होते, "मिळालेल्या फरकावरून अभ्यासाची पॉवर काढून द्या. ती कमी असेल, तर परिणाम असूनही तो निसटला असे म्हणता येईल." तिने मला विचारले, "सर, यांच्यातले कोणाचे ऐकू?" मी म्हटले, "कोणाचेच नको."

ही जोडी मला नवी नाही. वैद्यक, मानसशास्त्र, शिक्षण, वाहतूक अशा कुठल्याही क्षेत्रात नकारात्मक निकालावरचा वाद याच दोन टोकांवर रंगतो. एक बाजू 'लक्षणीय नाही' याचा अर्थ 'नाहीच' असा लावते. दुसरी बाजू निकाल लागून गेल्यावर पॉवर मोजते आणि ती कमी आली की हाच आपल्या बाजूचा पुरावा मानते. दोघांना वाटते की आपण एकमेकांच्या विरुद्ध बोलतो आहोत. प्रत्यक्षात दोघे एकाच आकड्याकडे पाहत असतात, आणि त्या आकड्यात जे नाही तेच त्यातून वाचत असतात. माझे म्हणणे सरळ आहे. हाती आलेल्या फरकातून मागाहून काढलेली पॉवर ही पी-व्हॅल्यूच असते, फक्त वेष बदललेली. तिच्यातून नवे काहीच कळत नाही. आणि अपुऱ्या अभ्यासातला लक्षणीय नसलेला निकाल हा 'पुराव्याचा अभाव' आहे, 'अभावाचा पुरावा' नाही. तो तसाच लिहिला पाहिजे, आणि किती अभाव आहे हेही सोबत सांगितले पाहिजे.

पॉवर म्हणजे काय ते आधी एका वाक्यात सांगतो. खरा परिणाम अमुक इतका असेल, तर या आकाराचा अभ्यास तो लक्षणीय म्हणून पकडण्याची शक्यता किती, हे सांगणारा आकडा म्हणजे पॉवर. या वाक्यातले 'अमुक इतका' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. तो 'अमुक' अभ्यासाबाहेरून यावा लागतो: किती परिणाम झाला तर आपल्या दृष्टीने त्याला महत्त्व आहे, हे विषय जाणणाऱ्या माणसाने आधी ठरवायचे असते. नेमन आणि पिअर्सन या सांख्यिकीतज्ज्ञांनी १९३३ च्या सुमारास ही कल्पना मांडली, आणि तिचे काम असते ते प्रयोगाची आखणी करताना. जहाज बंदरातून सुटण्यापूर्वी इंधन किती लागेल याचा हिशेब करावा, तसा हा हिशेब. जहाज मुक्कामाला पोचल्यावर किंवा भरकटल्यावर त्याच हिशेबाने 'आपण कुठे आहोत' हे कसे कळणार?

हवेत बोलण्यापेक्षा एक खरे प्रकरण घेतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत इंधन वाचवण्याचे जे उपाय निघाले, त्यांत एक होता लाल दिव्यावर उजवीकडे वळण्याची मुभा. तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे हे वळण समोरचा प्रवाह न छेदता घेता येते; थांबून पाहायचे आणि रस्ता मोकळा असेल तर वळायचे. यात धोका किती, हे तपासण्यासाठी व्हर्जिनिया राज्यात २० चौकांचा अभ्यास झाला. मुभा देण्यापूर्वीच्या काळात त्या चौकांत ३०८ अपघात झाले होते; मुभा दिल्यावर जवळपास तेवढ्याच काळात ३३७ झाले. वाढ दिसली, पण ती लक्षणीय नव्हती, आणि म्हणून धोका नाही असा अर्थ लावला गेला. इतर ठिकाणच्या लहान अभ्यासांतूनही असेच निष्कर्ष निघत राहिले आणि मुभा देशभर पसरली. पुढे मोठ्या प्रमाणावर आकडेवारी जमली तेव्हा दिसले की उजवीकडे वळणाऱ्या गाडीने पादचाऱ्याला धडक देण्याचे प्रमाण ठिकाणानुसार सुमारे दीडपट ते दुप्पट झाले होते, आणि सायकलस्वारांच्या बाबतीत चित्र त्याहून वाईट होते. टोरांटोचे रस्तासुरक्षातज्ज्ञ एझ्रा हाउअर यांनी २००४ मध्ये सिग्निफिकन्स टेस्टमुळे झालेल्या नुकसानीचे उदाहरण म्हणून हे प्रकरण मांडले, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

आता हा हिशेब आपण स्वतः करू. ३०८ वरून ३३७ म्हणजे ९ टक्क्यांच्या थोडी वर वाढ. अपघात यादृच्छिकपणे घडतात आणि मुभेने काही बदलले नाही असे धरले, तर एवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता, म्हणजे पी-व्हॅल्यू, साधारण ०.२५ येते. पहिला परीक्षक इथेच थांबला असता: "परिणाम नाही." दुसरा म्हणाला असता, "थांबा, पॉवर काढा." ठीक आहे, काढू. खरी वाढ नेमकी ९ टक्के आहे असे मानून पॉवर मोजली तर ती सुमारे २१ टक्के येते. "बघा," दुसरा म्हणतो, "केवळ २१ टक्के! परिणाम असूनही अभ्यासाला तो दिसला नाही."

इथेच घोडे पेंड खाते. हे २१ टक्के मी कुठून आणले? त्यासाठी मला अपघातांची संख्या पाहावी लागली नाही, चौक मोजावे लागले नाहीत, काळ किती होता हेही विचारावे लागले नाही. फक्त पी-व्हॅल्यू पुरली. आर या संगणकभाषेत तो हिशेब दोन ओळींचा आहे:

```r
z <- qnorm(1 - p/2)
pnorm(z - 1.96) + pnorm(-z - 1.96)
```

`p` च्या जागी ०.२५ घातले की २१ टक्के. ०.१० घातले की ३८ टक्के. ०.५० घातले की १० टक्के. आणि नेमके ०.०५ घातले की ५० टक्के, मग अभ्यास उंदरांवरचा असो, औषधाचा असो की रस्त्यांचा. काही चाचण्यांत आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण नाते तेच राहते: पी-व्हॅल्यू वर गेली की ही पॉवर खाली येते, नेमाने, एकास एक. होएनिग आणि हायसी या दोन सांख्यिकीतज्ज्ञांनी २००१ मध्ये हे इतके स्वच्छ मांडले होते की त्यानंतर हा प्रघात बंद पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण सॉफ्टवेअरमध्ये 'ऑब्झर्व्हड पॉवर' नावाचा रकाना आहे, आणि रकाना दिसला की भरावासा वाटतो.

या एकास एक नात्याचा परिणाम काय होतो ते पाहा. निकाल लक्षणीय नसेल, म्हणजे पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर असेल, तर अशी पॉवर जवळपास नेहमीच ५० टक्क्यांच्या खाली येणार. तेव्हा "निकाल लक्षणीय नाही, आणि पॉवरही कमी होती" या वाक्यात दोन गोष्टी नाहीत, एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. ज्या वैद्याचे निदान प्रत्येक रोग्याला सारखेच असते, त्याच्या निदानाला किंमत किती? खुंटा हलवून बळकट करण्याचाच हा प्रकार. खुंटा मात्र मुळात जमिनीत आहे की नाही, ते कळतच नाही.

उलट बाजूने वापरले तर त्याहून गंमत होते. काहीजण म्हणतात, निकाल लक्षणीय नसूनही पॉवर बऱ्यापैकी आली, तर 'परिणाम नाही' या निष्कर्षाला बळ मिळते. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटते. पण दोन अभ्यास घ्या: एकात पी-व्हॅल्यू ०.०६ आहे, दुसऱ्यात ०.६०. पहिल्याची मागाहून काढलेली पॉवर ४७ टक्क्यांच्या आसपास येईल, दुसऱ्याची ८ टक्क्यांच्या. या तर्काने पाहिले तर पहिल्या अभ्यासात 'परिणाम नाही' याचा पुरावा जास्त भक्कम ठरतो. पण पहिल्याच अभ्यासात आकडे शून्यापासून जास्त दूर गेले आहेत! ज्या अभ्यासात परिणामाची चाहूल जास्त, तोच परिणाम नसल्याचा साक्षीदार ठरतो. ज्या पद्धतीतून असे उफराटे उत्तर निघते, ती चुकीच्या हाती पडली म्हणून हा दोष आलेला नाही. तिच्या बांधणीतच तो आहे.

"पण निदान ढोबळ अंदाज तर मिळतो ना?" असे म्हणणारे भेटतात. नाही, तोही मिळत नाही. समजा एखाद्या अभ्यासाची खरी पॉवर ८० टक्के आहे, म्हणजे आखणी अगदी नियमाप्रमाणे झाली आहे. तोच अभ्यास पुन्हा पुन्हा केला, तर प्रत्येक वेळी नमुना वेगळा येईल, फरक वेगळा दिसेल आणि मागाहून काढलेली पॉवरही वेगळी येईल. किती वेगळी? दहापैकी नऊ वेळा ती २१ ते ९९ टक्के यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ज्या मोजपट्टीवर ८० ची जागा २१ पासून ९९ पर्यंत कुठेही दिसू शकते, तिला मोजपट्टी म्हणायचे का? आणि या नीट आखलेल्या अभ्यासात पाचांतून एकदा निकाल लक्षणीय येणार नाही. ८० टक्के पॉवरचा अर्थच तो. त्या प्रत्येक वेळी ही पद्धत सांगेल की पॉवर ५० च्या खाली होती, अभ्यासच अपुरा होता. नशिबाने हुकलेल्या अभ्यासावर आखणीतल्या दोषाचा शिक्का बसतो.

आता समोरच्या बाजूचे जे म्हणणे खरोखर वजनदार आहे, त्याकडे वळतो. पहिला मुद्दा असा की अपुऱ्या अभ्यासांकडे लक्ष वेधण्यासाठी पॉवर मागाहून काढावीच लागते. त्याशिवाय लहान अभ्यासांचे 'परिणाम नाही' हे दावे उघडे कसे पडतील? याला इतिहासाचा आधारही आहे. १९७८ मध्ये फ्रायमन आणि सहकाऱ्यांनी ७१ 'नकारात्मक' वैद्यकीय चाचण्या तपासल्या. उपचाराने वाईट परिणाम एक चतुर्थांशाने खरोखर कमी होत असते, तरी ते हुकण्याची शक्यता १० टक्क्यांहून जास्त होती अशा चाचण्या होत्या ६७. निम्म्याने कमी होत असतानाही तितकाच धोका असलेल्या होत्या ५०. हा लेख नसता तर लहान चाचण्यांबद्दलची पुढची कितीतरी चर्चा झालीच नसती. मग हेही मागाहून काढलेलेच नव्हे का?

होय, मागाहूनच. पण फ्रायमन यांनी काय केले नाही ते पाहा. त्यांनी प्रत्येक चाचणीत दिसलेला फरक उचलून सूत्रात घातला नाही. एक चतुर्थांश आणि निम्मे हे आकडे त्यांनी बाहेरून आणले, कारण तेवढी घट वैद्यकाच्या दृष्टीने मोलाची होती. फरक वेळेचा नाही, 'अमुक इतका' कुठून आला याचा आहे. व्हर्जिनियाच्या अभ्यासाला हाच प्रश्न विचारता येतो. ३०८ अपघातांच्या पायावर उभा राहिलेला अभ्यास ८० टक्के पॉवरने पकडू शकतो ती वाढ सुमारे २४ टक्क्यांची. केवळ १० टक्के वाढ त्याच खात्रीने पकडायची, तर मुभेपूर्वीच्या काळातच साधारण साडेसोळाशे अपघातांची नोंद हवी होती, म्हणजे हातातल्या नोंदीच्या पाचपटीहून जास्त. हे विधान उपयोगाचे आहे. पुढचा अभ्यास किती मोठा हवा, ते त्यातून कळते.

इथे एक चाणाक्ष वाचक मला अडवेल. बाहेरून आणलेल्या १० टक्के वाढीसाठी या अभ्यासाची पॉवर काढली तर ती सुमारे २३ टक्के येते. दिसलेल्या ९ टक्क्यांवरून काढलेली २१ होती. मग एवढा गहजब कशासाठी? कारण इथे दोन्ही आकडे जवळ आले ते योगायोगाने. दुसऱ्या काळात ३३७ ऐवजी ३१० अपघात झाले असते, जे नशिबाचा थोडा फेर पडला तर सहज होऊ शकले असते, तरी चौक तेच, काळ तोच, अभ्यासाची क्षमता तीच. १० टक्क्यांसाठीची पॉवर जवळपास २३ च राहिली असती. दिसलेल्या फरकावरून काढलेली मात्र ५ टक्क्यांवर कोसळली असती. अभ्यासाची क्षमता निकालाबरोबर हेलकावे खाते का?

दुसरा मुद्दा शल्यचिकित्सकांकडून आला. २०१८ मध्ये 'ॲनल्स ऑफ सर्जरी' या नियतकालिकात काही शल्यचिकित्सकांनी सुचवले की शस्त्रक्रियेच्या अभ्यासांत रुग्णसंख्या मुळातच कमी असते, ८० टक्के पॉवरचा आग्रह तिथे झेपत नाही, तेव्हा निकाल लक्षणीय नसेल तर मिळालेल्या फरकावरून पॉवर काढून ती सोबत छापावी. त्यांची अडचण खरी आहे आणि हेतूही प्रामाणिक. दुर्मिळ शस्त्रक्रियेचे हजार रुग्ण कोण आणून देणार? सांख्यिकीतज्ज्ञ अँड्र्यू गेलमन यांनी पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात उत्तर दिले, त्याचा गाभा असा की लहान अभ्यासात दिसलेला फरक हाच मुळी गोंगाटाने भरलेला असतो. तो खरा मानून केलेल्या हिशेबात तो सगळा गोंगाट उतरतो. म्हणजे ज्या लहान अभ्यासांसाठी हा उपाय सुचवला, नेमका तिथेच तो सर्वांत जास्त फसवतो. लहान अभ्यास छापू नका असे यातून निघत नाही. छापाच, पण त्यांची अनिश्चितता जिथे खरोखर दिसते ते छापा.

ती दिसते कॉन्फिडन्स इंटरव्हलमध्ये, म्हणजे हाती आलेल्या आकड्यांशी जुळू शकणाऱ्या परिणामांच्या पट्ट्यात. व्हर्जिनियाच्या आकड्यांवरून ९५ टक्के इंटरव्हल काढला तर तो साधारण ६ टक्के घट ते २८ टक्के वाढ असा येतो. म्हणजे या आकड्यांशी 'अपघात थोडे कमी झाले' हेही जुळते आणि 'चौथा हिस्सा वाढले' हेही. एवढे एक वाक्य त्या अहवालात असते, तर 'धोका नाही' असे कोणी म्हणू शकले असते का? २८ टक्के वाढ नाकारता येत नाही असे समोर लिहिलेले असताना सही करायला हात धजावला नसता, निदान क्षणभर अडखळला तरी असता. पी-व्हॅल्यू ०.२५ आणि पॉवर २१ टक्के या दोन्हींत मिळून ही माहिती नाही.

या प्रकरणात आणखी एक पेच आहे, तो इंटरव्हलनेही सुटत नाही. अभ्यासाने मोजले एकूण अपघात, आणि प्रश्न होता पादचाऱ्यांचा. समजा ३०८ पैकी फक्त ५ अपघातांत वळणाऱ्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली होती. ते दुप्पट झाले तरी एकूण आकडा ३१३ होईल. गाड्या एकमेकींवर आदळण्याच्या गर्दीत ते पाच जण हरवून जातील. मोजायचेच चुकले असेल तर पॉवरचा कुठलाही हिशेब वाचवू शकत नाही. शिवाय वाहतूक वाढली का, हवामान बदलले का, हेही 'पूर्वी आणि नंतर' अशा साध्या तुलनेत शिरते. इंटरव्हल फक्त योगायोगाची अनिश्चितता सांगतो, बाकीची नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. 'पुराव्याचा अभाव म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे' हे वाक्य ऑल्टमन आणि ब्लँड या सांख्यिकीतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका छोट्या टिपणाचे शीर्षक म्हणून वापरले, आणि तेव्हापासून ते जो तो ढालीसारखे पुढे करतो. आवडता उपचार चाचणीत नापास झाला? अभ्यास अपुरा होता. पुन्हा नापास झाला? तोही अपुरा होता. या वाक्याच्या आडोशाला कुठलाही निरुपयोगी उपचार अनंतकाळ जिवंत ठेवता येतो. आणि तर्क म्हणूनही ते नेहमी खरे नाही: नीट शोधूनही वस्तू सापडली नाही, तर ती तिथे नसल्याचा तो पुरावा असतोच. घरभर शोधून हत्ती दिसला नाही, तर 'हत्तीच्या अस्तित्वाबद्दल पुराव्याचा अभाव आहे' असे म्हणत बसणारा उंटावरचा शहाणाच म्हणायचा.

मान्य, शब्दशः मान्य. म्हणूनच मी 'अपुऱ्या अभ्यासातला' हे विशेषण सुरुवातीपासून सोडलेले नाही. प्रश्न एवढाच की अभ्यास अपुरा होता की शोध कसून झाला होता, हे ओळखायचे कसे? इथे मॅग्नेशियमची हकिगत उपयोगी पडते. हृदयविकाराचा झटका आलेल्यांना शिरेतून मॅग्नेशियम दिले तर मृत्यू कमी होतात, अशी आशा लहान चाचण्यांनी निर्माण केली होती; १९९२ मध्ये २,३१६ रुग्णांच्या लिमिट-२ या चाचणीत मृत्यूंत २४ टक्के घट दिसली. मग १९९५ मध्ये आयसिस-४ चे निकाल आले. ५८,०५० रुग्ण, पाच आठवड्यांतले मृत्यू मॅग्नेशियमच्या गटात ७.६४ टक्के, दुसऱ्या गटात ७.२४ टक्के. फरक लक्षणीय नाही, पी-व्हॅल्यू ०.०७.

आता आपल्या दोन परीक्षकांना बोलवा. दुसरा परीक्षक दिसलेल्या फरकावरून पॉवर काढेल आणि ती येईल सुमारे ४४ टक्के. "अपुरा अभ्यास!" अट्ठावन्न हजार रुग्णांचा अभ्यास अपुरा? मॅग्नेशियमच्या चाहत्याला याहून सोयीचा आकडा कोणी दिला नसता. इंटरव्हल मात्र वेगळेच सांगतो. मृत्यूंचे गुणोत्तर साधारण ०.९९ ते १.१२ यांच्या दरम्यान आहे: फार तर नाममात्र फायदा, नाहीतर बारा टक्क्यांपर्यंत तोटा. ज्या २४ टक्के फायद्याची आशा होती, तो या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर आहे. हा अभावाचा पुरावा आहे, या रुग्णांपुरता आणि या पद्धतीने दिलेल्या औषधापुरता. मॅग्नेशियम उशिरा दिले गेले, असा आक्षेप पुढे निघाला. तो वैद्यकीय आक्षेप होता आणि रास्त होता, म्हणून लवकर औषध देणारी ६,२१३ रुग्णांची मॅजिक चाचणी झाली आणि २००२ मध्ये तिच्यातही फायदा दिसला नाही. वाद असा पुढे जातो.

व्हर्जिनिया आणि आयसिस-४ यांचे निकाल शेजारी ठेवा. दोन्हींवर शिक्का एकच, 'लक्षणीय नाही'. मागाहूनची पॉवर दोन्हींची पन्नासाच्या खाली, म्हणजे दोन्ही अपुरे. एकाच माळेचे मणी! पण एकाला अजून काहीच नीट ठाऊक नाही, आणि दुसऱ्याने प्रश्न जवळपास मिटवला आहे. हा भेद ज्या आकड्याला दिसत नाही, तो निष्कर्षाजवळ ठेवायचा कशासाठी?

पुराव्याच्या अभावाला अभावाचा पुरावा मानण्याची किंमत स्ट्रेप्टोकायनेजच्या बाबतीत मोजता येते. रक्ताची गुठळी विरघळवणारे हे औषध हृदयविकाराच्या झटक्यात द्यावे का, यावर १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. बऱ्याच लहान होत्या आणि एकट्या-दुकट्या पाहिल्या तर काहीच ठरवत नव्हत्या. लाउ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्या कालक्रमाने एकत्र मिळवत नेल्या तेव्हा दिसले की १९७३ पर्यंतच, आठ चाचण्यांतल्या २,४३२ रुग्णांवरून, औषधाने मृत्यू कमी होतात हे स्पष्ट झाले होते. त्यानंतरच्या पंचवीस चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण घेतले गेले. त्यांतल्या कित्येकांना औषधाविना ठेवले होते. त्या लहान चाचण्यांनी 'फायदा नाही' ऐवजी 'इतका फायदा ते इतका तोटा, यातले काहीही असू शकते' असे लिहिले असते, तर आकडे एकत्र करून पाहण्याची बुद्धी कोणाला तरी आधी झाली असती, असे मला वाटते. हे सिद्ध करता येणार नाही. पण 'नाही' लिहिलेले दार कोण ठोठावतो?

एक कबुली द्यायला हवी. 'पुराव्याचा अभाव' हा शब्दप्रयोगही मला पुरता समाधानकारक वाटत नाही. व्हर्जिनियाच्या आकड्यांत पुरावा अगदीच नव्हता असे नाही. थोडा होता, आणि तो वाढीच्या बाजूला झुकलेला होता. एकूण अपघात दुप्पट झाले नाहीत, हेही त्यातून कळत होते. 'परिणाम नाही' यापेक्षा 'पुरावा नाही' बरे, आणि 'पुरावा नाही' यापेक्षा 'पुरावा एवढा आहे, आणि एवढ्याने हे ठरत नाही' हे अधिक बरे. चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याच्या कॉन्सॉर्ट नियमावलीने तर केव्हाच सांगून ठेवले आहे की निकालावरून मागाहून पॉवर काढण्यात फारसा अर्थ नाही, इंटरव्हल द्या. पण इंटरव्हल देऊनही लोक त्यात शून्य आहे की नाही एवढेच पाहतात आणि पुन्हा 'लक्षणीय नाही'वर येऊन थांबतात. दोन्ही टोकांना काय आहे, आणि ते टोक खरे असेल तर आपण काय करू, हे वाचायचे असते. त्यासाठी किती फरक मोलाचा हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवायला सांख्यिकी उपयोगी पडत नाही, विषयच समजावा लागतो. पॉवरचा रकाना भरणे त्यापेक्षा सोपे, म्हणून तो भरला जातो.

त्या संशोधक मुलीने शेवटी दोन्ही परीक्षकांना एकच उत्तर लिहिले. निष्कर्षातले 'परिणाम आढळला नाही' हे वाक्य तिने काढले आणि त्या जागी फरक, त्याचा इंटरव्हल आणि 'या पट्ट्यात उपयुक्त ठरेल इतका फायदाही बसतो आणि किंचित तोटाही. हा अभ्यास त्यांतून निवड करू शकत नाही' असे लिहिले. पॉवर मात्र दिली नाही. आखणीच्या वेळी किती फरक धरून नमुन्याचा आकार ठरवला होता, तेवढे पद्धतीच्या विभागात लिहिले. पहिल्या परीक्षकाने मान्य केले. दुसऱ्याने पुन्हा विचारले आहे, "ते सगळे ठीक, पण पॉवर किती होती?"